पेटी बंद होण्याआधी

2016 च्या हिवाळ्यात नेरळ स्टेशनबाहेर, माथेरानच्या टॅक्सीच्या रांगेत, मला माझ्या पहिल्या नोकरीतले साहेब भेटले. कुटुंबाला घेऊन निघाले होते. मी शेलूहून बाजारासाठी आले होते. ओळख पटली, मुलांची नावं विचारून झाली आणि मग ते अगदी सहज म्हणाले, "तुम्ही गेलात तेव्हा मी तुम्हाला सविस्तर उत्तर लिहिलं होतं. तुमच्याकडून काहीच आलं नाही. म्हटलं, रागावून गेल्या असतील."

मी रागावून गेले नव्हते. 2013 मध्ये ती नोकरी सोडताना मी सगळ्या कचेरीला निरोपाचा मेल पाठवला होता. वेळ होती संध्याकाळची सहा वाजून दहा मिनिटं. लॅपटॉप देऊन, ओळखपत्र जमा करून मी गाडी पकडायला धावले आणि त्याच संध्याकाळी माझं खातं बंद झालं. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं असणार. ते मला तेव्हा दिसलंच नाही. त्यात त्यांनी लिहिलं होतं, हे मला रांगेत त्यांच्याकडूनच कळलं, की पुढे कुठे शिफारस लागली तर माझं नाव द्या. मधल्या तीन वर्षांत मी दोनदा नोकरी शोधली होती. दोन्ही वेळा त्यांचं नाव द्यावंसं वाटलं होतं आणि दोन्ही वेळा संकोचाने दिलं नव्हतं.

28 फेब्रुवारी 2025 ला मी दुसरी नोकरी सोडली. ठाण्यातल्या एका कंपनीच्या लेखा विभागात अकरा वर्षं पुरवठादारांची बिलं पाहत होते. या वेळी मेल नीट लिहायचा असं ठरवलं होतं. त्यासाठी कर्जत लोकलच्या आमच्या डब्यातल्या बायकांना विचारलं, सोसायटीतल्या दोघा-तिघांना विचारलं, जुने मेल काढून वाचले. नोकरी सोडल्यावरही विचारत राहिले. त्यातून जे हाती आलं, ते या लेखात आहे.

डब्यातला निरोप

शेलू म्हणजे वांगणी आणि नेरळच्या मधलं छोटं स्टेशन. गेल्या पंधरा-वीस वर्षांत स्टेशनच्या आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या आणि मुंबई-ठाण्यात घर न परवडणारी आमच्यासारखी माणसं इथे राहायला आली. सकाळच्या गाडीत शेलूला चढणाऱ्याला बसायला मिळणं कठीण असतं. कर्जतला चढणाऱ्या मैत्रिणी जागा धरतात, बसलेल्या बायका कल्याणनंतर उठून उभ्या असलेल्यांना बसू देतात, आणि ज्यांचा ग्रुप नाही त्या कधी कधी उलट्या कर्जतला जाऊन तीच गाडी पकडतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लागतात. हळदीकुंकू होतं, डोहाळजेवणंही होतात.

या डब्यात निरोपाची एक ठरलेली पद्धत आहे. जी जाणार ती शेवटच्या दिवशी पेढे किंवा समोसे आणते. पण त्याआधी आठवडाभर ती एक काम करते. तिच्यामागे उभी राहणारी जी मुलगी असते, तिची ग्रुपशी ओळख करून देते. "सोमवारपासून माझ्या जागेवर ही बसेल. हिला ठाण्याला उतरायचं असतं, आधी उठवू नका." समोसे दुसऱ्या दिवशी विसरले जातात, जागेची व्यवस्था मात्र वर्षानुवर्षं चालते. त्या मुलीमुळे गेलेल्या बाईचं नाव डब्यात टिकून राहतं.

निरोपाच्या मेलचा गाभाही हाच आहे, हे मला उशिरा कळलं. आपल्या जाण्याने समोरच्याचं काय अडणार आहे आणि त्याची सोय कुठे लावली आहे, हे आधी सांगायचं. त्या माणसाचं आपल्यावर नेमकं काय ऋण आहे, ते मग लिहायचं. आणि आपण यापुढे कुठे सापडू, ते शेवटी द्यायचं. या तिन्हीतलं एक जरी राहिलं, तरी मेल जातो पण नातं तिथेच थांबतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना निरोप देतात तेव्हा शाल-श्रीफळ असतं, सत्काराची भाषणं असतात आणि जाणारा माणूस सगळ्यांत शेवटी बोलतो. त्याच्याबद्दल जे बोलायचं ते इतरांनी आधीच बोललेलं असतं. खासगी कचेरीत हे उलटं आहे. तिथे जाणाऱ्यालाच आधी लिहावं लागतं, तेही एकट्याने, आणि लिहिल्यावर तो समोर नसतो. म्हणून या मेलवर जास्त भार पडतो.

खातं नेमकं केव्हा बंद होतं

आमच्या सोसायटीत एक तरुण राहतो. ऐरोलीतल्या एका कंपनीत संगणक विभागात आहे, लोकांची खाती उघडणं आणि बंद करणं हे त्याचं रोजचं काम. त्याने मला जे सांगितलं, ते नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

मनुष्यबळ विभाग तुमचा शेवटचा दिवस त्यांच्या प्रणालीत भरतो. त्यावरून संगणक विभागाकडे आपोआप काम जातं. कुठे संध्याकाळी सहाला खातं बंद होतं, कुठे लॅपटॉप जमा केल्याक्षणी, कुठे दुपारीच. बंद होणं म्हणजे आधी फक्त तुमचा प्रवेश थांबणं. पेटी लगेच नष्ट होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत खातं काढून टाकल्यावरही साधारण 30 दिवस ते परत आणता येतं. या मधल्या काळात तुमच्या पत्त्यावर येणाऱ्या मेलचं काय करायचं, हे कंपनी ठरवते. काही ठिकाणी पाठवणाऱ्याला 'हा पत्ता अस्तित्वात नाही' असं उत्तर जातं. पण पुष्कळ ठिकाणी, गिऱ्हाइकांची पत्रं हरवू नयेत म्हणून, ते मेल तुमच्या साहेबांच्या पेटीत वळवले जातात.

"म्हणजे ताई," तो म्हणाला, "तुमच्या मैत्रिणीने 'बरं झालं सुटलीस' असं लिहिलं, तर ते तुमचे साहेब वाचणार."

हे ऐकल्यावर मी तीन गोष्टी ठरवल्या. मेल शेवटच्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान जायला हवा. म्हणजे उत्तरं यायला चार-पाच तास मिळतात आणि जेवणानंतर लोक जागेवर येऊन भेटतातही. दुसरं, स्वतःचा खासगी मेलचा पत्ता आणि मोबाइल नंबर मेलच्या तळाशी न देता मजकुरातच द्यायचा, 'उत्तर या पत्त्यावर पाठवा' असं स्पष्ट लिहून. मेलच्या तळाशी कंपनीची आपोआप उमटणारी सही असते, त्यात कचेरीचाच फोन असतो आणि लोक तिथवर वाचत नाहीत. तिसरं, ज्या दहा-बारा माणसांशी खरं नातं आहे, त्यांना एक दिवस आधीच वेगळं लिहायचं.

याच्या उलट बाजूची एक खबरदारीही त्याने सांगितली. लोकांशी संपर्क राहावा म्हणून शेवटच्या आठवड्यात कंपनीची संपर्क-यादी किंवा जुने मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवू नयेत. बऱ्याच कंपन्यांत अशा पाठवणीवर नजर ठेवणारी यंत्रणा असते आणि सोडून जाणाऱ्याच्या बाबतीत ती अधिक काटेकोर असते. गिऱ्हाइकांची यादी ही कंपनीची मालमत्ता आहे. सहकाऱ्याचा नंबर हवा असेल तर त्याच्याकडे जाऊन मागावा. मी एक छोटी वही घेतली आणि शेवटच्या आठवड्यात रोज दोन-तीन टेबलांवर गेले. काही जणांनी तेव्हाच आपणहून जन्मतारीख आणि घरचा पत्ताही लिहून दिला.

पहिला मसुदा का फाडला

माझा पहिला मसुदा तुम्ही सगळ्यांनी वाचलेला आहे, कारण तो सगळ्यांचाच असतो. आज माझा शेवटचा दिवस आहे, हा प्रवास अविस्मरणीय होता, इथे खूप शिकायला मिळालं, सर्वांचे मनःपूर्वक आभार, संपर्कात राहू. 2013 मध्ये मी हाच मजकूर पाठवला होता. शंभराहून अधिक जणांना. साहेबांचं ते हरवलेलं उत्तर सोडलं, तर त्यावर कुणी काही लिहिल्याचं मला आठवत नाही. उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतंच. 'सर्वांचे आभार' वाचून कुणाला वाटणार, की हे आपल्याला उद्देशून आहे?

दुसऱ्या मसुद्यात मी उलटी चूक केली. नावं घातली. चौदा जणांची, प्रत्येकापुढे एकेक वाक्य. डब्यातल्या एका मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती ऐरोलीत मनुष्यबळ विभागात आहे आणि दर महिन्याला असे पाच-सहा मेल तिच्या डोळ्यांखालून जातात. ती म्हणाली, "अगं, चौदा जणांना बरं वाटेल. पंधरावा मात्र हा मेल तीनदा वाचेल आणि आपलं नाव शोधेल. तो कोण आहे?" मी विचार केला. पंधरावे होते गोदामातले वयस्कर कारकून. अकरा वर्षं मालाच्या पावत्या वेळेवर पाठवणारे. ते मला सुचलेच नव्हते, कारण त्यांचं काम कधी अडलंच नव्हतं.

तिचा नियम सोपा होता. मोठ्या मेलमध्ये नावं फक्त कामाच्या कारणासाठी, म्हणजे आपल्याजागी कोण येणार त्याचं. आभारासाठी नावं घ्यायची असतील तर ती त्या माणसाच्या एकट्याच्या मेलमध्ये.

मग तिसरा मसुदा झाला. विभागाला आणि ज्या तीन-चार विभागांशी रोजचा संबंध होता त्यांना मिळून सुमारे साठ जणांना तो गेला. आमच्याकडे असे मेल इंग्रजीत जातात. त्याचा मराठी मजकूर असा होता:

"विषय: निरोप (इथे माझं पूर्ण नाव), लेखा विभाग, 28 फेब्रुवारी 2025

नमस्कार, आज माझा इथला शेवटचा दिवस. पुरवठादारांच्या बिलांचं काम सोमवारपासून (इथे तिचं नाव) पाहील. अडकलेल्या सात बिलांची टिपणं तिच्याकडे आहेत आणि विभागाच्या फोल्डरमध्येही आहेत. अकरा वर्षांत माझ्या प्रश्नांना तुम्ही फोन उचलून उत्तरं दिलीत, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री नऊलासुद्धा. त्यामुळे माझं काम निभावलं. आज पाचपर्यंत मी जागेवर आहे, जरूर या. त्यानंतर या पत्त्यावर आणि या नंबरवर मी सापडेन, उत्तर कृपया तिथेच पाठवा. जुन्या बिलाबद्दल काही आठवत नसेल तर मार्चअखेरपर्यंत बिनधास्त फोन करा. तुमची, …"

विषयाच्या ओळीत पूर्ण नाव आणि विभाग लिहिला, त्यालाही कारण आहे. दोन वर्षांनी कुणाला माझा नंबर हवा असेल, तर तो मेलच्या शोधपट्टीत माझं नाव टाकणार. 'अलविदा' किंवा 'एका प्रवासाचा शेवट' असा विषय लिहिलेला मेल तेव्हा सापडत नाही.

रात्री नऊच्या फोनचा उल्लेख मुद्दाम ठेवला. तो सगळ्यांना लागू होता आणि तरी खरा होता. खरेदी विभाग, गोदाम, बँकेचं काम पाहणारे, मार्चमध्ये सगळेच थांबतात. त्या एका वाक्यावर मला सर्वांत जास्त उत्तरं आली. खरेदीतल्या एकाने लिहिलं, की अशाच एका रात्री तुम्ही जेवणाच्या डब्यातला उरलेला पोळीचा लाडू दिला होता. मला तो आठवतही नव्हता.

कुणाला पाठवायचा, कसा पाठवायचा

साठ पत्ते 'टू'च्या रकान्यात टाकले आणि कुणी 'सगळ्यांना उत्तर द्या' हे बटण दाबलं, की प्रत्येकाच्या पेटीत साठ शुभेच्छा पडतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नोव्हेंबर 2016 मध्ये एक चाचणी-मेल चुकून लाखो कर्मचाऱ्यांच्या यादीवर गेला. लोक 'मला यातून काढा' असं सगळ्यांनाच उत्तर देत राहिले आणि त्या दिवशी तिथली मेलव्यवस्था मंदावली. आपल्या कचेरीत एवढं होत नाही, पण तिसाव्या 'ऑल द बेस्ट'ला लोक कंटाळतात आणि तो कंटाळा आपल्या नावावर जमा होतो. उपाय एका ओळीचा आहे. 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता, बाकी सगळे 'बीसीसी'मध्ये. मग उत्तर फक्त आपल्याकडे येतं. आणि समोरचा माणूस एकट्यालाच लिहीत असल्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

बाहेरच्या लोकांचा, म्हणजे माझ्या बाबतीत पुरवठादारांचा, मेल पूर्ण वेगळा असतो. त्यात भावना कमी आणि व्यवस्था जास्त लागते. तो साहेबांना दाखवूनच पाठवायचा. काही कंपन्यांत गिऱ्हाइकाला कर्मचारी जाण्याची बातमी कोण देणार, हे ठरलेलं असतं. ते डावललं तर चांगल्या हेतूने लिहिलेला मेलही आगाऊपणा ठरतो. खासगी नंबर त्यात देऊ नये.

माझ्या पुरवठादारांत अंबरनाथचा एक लहान कारखानदार होता. त्याचं एक बिल डिसेंबरपासून अडकलं होतं. मालातले काही नग नाकारले गेले होते, त्याची डेबिट नोट निघाली नव्हती. लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असा कायदा आहे. मुदत चुकली आणि 31 मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर ती रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. मी गेले आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही, तर नुकसान दोघांचं होतं. शेवटच्या आठवड्यात मी ती डेबिट नोट काढून घेतली, टिपणात तारीख आणि मंजुरी कुणाकडे बाकी आहे ते लिहिलं, आणि त्या कारखानदाराला फक्त इतकं कळवलं, की सोमवारपासून अमुक व्यक्ती हे पाहील, तुमच्या डिसेंबरच्या बिलाचा कागद तिच्याकडे पोचला आहे. आभाराची एक ओळ. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे मिळाल्याचा त्याचा निरोप माझ्या जागी आलेल्या मुलीकडून मला कळला. माझ्या सगळ्या निरोपांतला सर्वांत रुक्ष मेल तोच होता, आणि नातं सर्वांत घट्ट त्यानेच राखलं.

रिझर्व्ह बँकेतली दोन पत्रं

मोठ्या पदावरच्या माणसांनाही हेच प्रश्न पडतात. मुंबईच्या फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय आहे. तिथून अडीच वर्षांच्या अंतराने निघालेली दोन निवेदनं शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. दोन्ही सार्वजनिक आहेत.

पहिलं तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांचं, 18 जून 2016 चं. ते बँकेतल्या सहकाऱ्यांना उद्देशून लिहिलेलं पत्र होतं. मुदत 4 सप्टेंबरला संपत होती, म्हणजे अकरा आठवडे आधी त्यांनी सांगून टाकलं, की मुदत संपल्यावर ते अध्यापनाकडे परत जातील. पत्रात त्यांनी 2013 मधल्या बिकट परिस्थितीची आठवण दिली. त्यानंतर जे काम झालं ते 'आपण केलं' अशा रीतीने सांगितलं. आणि दोन कामं अपुरी आहेत हे स्पष्ट लिहिलं. महागाईचं लक्ष्य राखण्यासाठीची पतधोरण समिती अजून बसायची आहे आणि बँकांच्या थकीत कर्जांची साफसफाई चालू आहे. पुढचे गव्हर्नर हे तुमच्या मदतीने नेतील असा विश्वास, आणि देशाला गरज लागेल तेव्हा मी उपलब्ध आहे, असा शेवट.

दुसरं त्यांच्यानंतरचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांचं, 10 डिसेंबर 2018 चं. वैयक्तिक कारणांमुळे तत्काळ पद सोडत असल्याचं त्यात होतं. चार-पाच वाक्यं फक्त. सरकार आणि बँकेतल्या मतभेदांची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांत रोज चालू होती. त्याबद्दल त्यात अक्षर नाही. पण अलीकडच्या वर्षांत बँकेने जे साधलं ते कर्मचाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या कष्टांमुळे, हे मात्र आवर्जून आहे.

ज्याला वेळ मिळतो आणि परिस्थिती मोकळी असते, त्याने पहिल्या पत्रासारखं लिहावं. अपुरं काम लपवू नये, कारण मागे राहणाऱ्यांना ते उद्या दिसणारच असतं. ज्याला अचानक, मन दुखावलेल्या अवस्थेत जावं लागतं, त्याला दुसरं पत्र वाट दाखवतं. कारण एका ओळीत, तपशील नाही, आरोप नाही, आणि ज्यांनी प्रत्यक्ष राबून काम केलं त्यांचे आभार. अशा वेळी मेल जितका छोटा तितका बरा.

डब्यातल्या एकीने मला तिची गोष्ट सांगितली. बढती डावलली म्हणून तिने नोकरी सोडली आणि शेवटच्या मेलमध्ये ते सगळं लिहिलं. मजकुरातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, असं ती आजही म्हणते. पण ज्या सहकाऱ्यांना तिच्याबद्दल सहानुभूती होती, त्यांनाच त्या मेलला उत्तर देता आलं नाही. उत्तर द्यायचं म्हणजे साहेबांविरुद्ध लेखी बाजू घेणं. सगळे गप्प राहिले आणि तिला वाटलं, सगळे उलटले. ही कोंडी पुढे दोन वर्षांनी फुटली, एका सहकारिणीच्या लग्नात. तक्रार असेल तर ती राजीनाम्याच्या मुलाखतीत, मनुष्यबळ विभागाकडे, तारखांसह लेखी द्यावी. निरोपाचा मेल अशा लोकांकडे जातो, ज्यांच्या हातात ती सोडवणं नसतं.

एकट्याचे मेल आणि ज्यांना मेलच नाही

आदल्या दिवशी, गुरुवारी, मी अकरा जणांना वेगवेगळे मेल पाठवले. हे बहुतेक मराठीत. प्रत्येक मेल चार ओळींचा. मी स्वतःला एकच अट घातली होती. प्रत्येकात एक असा प्रसंग हवा, जो दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही. गोदामातल्या त्या कारकुनांना लिहिलं, की 2019 च्या जुलैमध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, आमची लोकल बंद झाली, मी तीन दिवस शेलूत अडकून होते, तेव्हा तुम्ही पावत्या स्वतः वर नेऊन दिल्यात आणि त्या महिन्याची पुरवठादारांची देणी एक दिवसही चुकली नाहीत. एका ज्येष्ठ सहकारिणीला लिहिलं, की टीडीएसची पहिली चूक तुम्ही माझ्यासोबत बसून दुरुस्त केलीत आणि साहेबांना सांगताना 'आमच्याकडून झाली' म्हणालात.

असा प्रसंग आठवायला वेळ लागतो. मला अकरा मेलना दोन संध्याकाळी लागल्या, त्याही गाडीत बसायला मिळालं म्हणून. एखाद्यासाठी काही केल्या प्रसंग आठवत नसेल, तर त्याला वेगळा मेल लिहूच नये. मोठा मेल पुरेसा असतो. ओढूनताणून लिहिलेली जवळीक लगेच कळते.

राहिली ती माणसं, ज्यांना कंपनीच्या मेलचा पत्ताच नसतो. फाटकावरचे पहारेकरी, चहा आणणारा मुलगा, स्वच्छतागृह साफ करणाऱ्या मावशी, आमच्याकडचे शिपाईकाका. बहुतेक जण कंत्राटदाराकडचे, त्यामुळे कचेरीच्या कुठल्याही यादीत त्यांचं नाव नसतं. रोज आपल्याला नावाने ओळखणारी माणसं हीच, आणि आपण गेल्याचं त्यांना सोमवारी खुर्ची रिकामी दिसल्यावर कळतं. मी शुक्रवारी सकाळी साडेनऊला, मेल पाठवायच्या आधी, त्यांच्याकडे गेले. मावशींना म्हटलं, आज माझा शेवटचा दिवस. त्यांनी हात पुसले, माझा हात धरला आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना? कुणी काढलं नाही ना तुम्हाला?" बाकी कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता.

नंतरचे चार महिने

शुक्रवारी पाचपर्यंत तेवीस उत्तरं आली. पुढच्या आठवड्यात खासगी पत्त्यावर आणखी नऊ. त्यांना मी शेलूतून, रविवारी बसून, एकेकाला परत लिहिलं. मनुष्यबळातली मैत्रीण म्हणाली होती, की निरोपाच्या मेलला आलेल्या उत्तराला उत्तर गेलं नाही तर तो फक्त जाहीर सूचनेसारखा राहतो, आणि हे बहुतेक जण विसरतात.

मार्चमध्ये माझ्या जागी आलेल्या मुलीचे चार फोन आले. चौथा फोन बिलाबद्दल नव्हता, तिला मार्चअखेरची भीती वाटत होती. जूनमध्ये मला फॉर्म 16 हवा होता. कंपनीने तो 15 जूनपर्यंत द्यायचा असतो, पण सोडून गेलेल्याचा फॉर्म जुन्या, बंद झालेल्या मेलवर जातो, ही नेहमीची अडचण आहे. मी वेतन विभागातल्या एकाला संदेश पाठवला. तासाभरात फॉर्म आला, सोबत त्याच्या मुलीचा दहावीचा निकाल. मी तिचे गुण वाचून अभिनंदनाचा फोन केला, फॉर्मचे आभार त्यातच मानले.

त्याच आठवड्यात मी 2013 च्या त्या साहेबांना पत्र लिहिलं. नेरळला भेटल्यावर त्यांचा नंबर घेतला होता, पण लिहिणं राहून गेलं होतं. आता ते निवृत्त झाले आहेत. मी लिहिलं, की तुमचं उत्तर माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि ज्या दोन वेळा मला शिफारस हवी होती त्या दोन्ही वेळा मला तुमचंच नाव आठवलं होतं. बारा वर्षं उशिरा, पण हा माझा त्या नोकरीतला खरा निरोपाचा मेल. विषयाच्या ओळीत माझं पूर्ण नाव आणि त्या वेळचा विभाग लिहिला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मी कल्याणहून परतीच्या गाडीत होते, बदलापूर नुकतंच गेलं होतं. त्यांनी 2013 चं ते पत्र जसंच्या तसं पुन्हा पाठवलं होतं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं. वांगणी येईपर्यंत मी ते दोनदा वाचलं आणि शेलूला उतरल्यावर, फलाटावर उभी राहूनच, उत्तर लिहिलं.